ब्लू टिक आली, उत्तर नाही: वाट पाहतानाची घालमेल आणि व्हॉट्सॲपची सेटिंग्ज

मेसेज गेला, दोन टिक्स आल्या, त्या निळ्याही झाल्या आणि पुढे काहीच नाही. ही तक्रार असलेल्या बहुतेकांनी एक उपाय आधीच करून पाहिलेला असतो: ब्लू टिक बंद करून टाकायची. दोन दिवस बरं वाटतं, मग लास्ट सीन बघायला सुरुवात होते आणि घालमेल होती तिथेच येते. याचं कारण असं की बिघाड एका ठिकाणी नसतो. टिकचा अर्थ चुकीचा लावला जातो, आपल्या फोनच्या घंटीवर आपलाच भरवसा नसतो, आणि या दोन्हींमुळे हात सारखा चॅटकडे जातो. म्हणून खालच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या फुकटच्या आणि काही मिनिटांच्या आहेत. शेवटची सगळ्यात अवघड, कारण तिच्यात समोरच्या माणसाशी बोलावं लागतं.

## लक्षणं

- मेसेज पाठवल्यावर काही वाजलेलं नसतानाही ते चॅट पुन्हा पुन्हा उघडलं जातं.
- नावाखाली online दिसलं की छातीत धस्स होतं, आणि ते गेलं की त्याहून जास्त.
- उत्तर आलं नाही म्हणून पाठवलेला मेसेज डिलीट केला जातो, किंवा त्याखाली नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं जातं.
- रात्री जाग आली की आधी त्या माणसाचा लास्ट सीन बघितला जातो.
- चॅटचा स्क्रीनशॉट तिसऱ्याला पाठवून 'याचा अर्थ काय असेल?' असं विचारलं जातं.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर एक गोष्ट आधी ठरवा: हे एकाच माणसाच्या बाबतीत होतं की कुणालाही मेसेज केला तरी होतं? एकाच माणसाच्या बाबतीत असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीत बरंचसं काम होईल. सगळ्यांच्याच बाबतीत होत असेल तर पाचवीपर्यंत जावं लागेल.

आणि एक अपवाद. एकटं राहणारं आजारी माणूस, रात्री गाडी चालवत निघालेलं कुणी, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललेलं कुणी उत्तर देत नसेल, तर हा सेटिंगचा प्रश्न नाही. साधा फोन लावा, शेजाऱ्यांना उठवा, गरज वाटली तर 112 ला फोन करा. खालचं सगळं बाकीच्या, रोजच्या वाट पाहण्यासाठी आहे.

## तपासणी 1: टिक नेमकं काय सांगते?

एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोचला. दोन करड्या म्हणजे तो समोरच्याच्या फोनवर किंवा त्याने जोडलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवर उतरला. दोन निळ्या म्हणजे ते चॅट उघडलं गेलं. यापलीकडे टिक काही सांगत नाही.

आता यात गफलत कुठे होते ते पाहा. एकच टिक दिसली की 'ब्लॉक केलं का?' हा प्रश्न सगळ्यात आधी मनात येतो. ब्लॉक केलं तर एकच टिक राहते हे खरं, पण फोन बंद असला, रेंज नसली, रिचार्ज संपलं, विमानात असलं तरी एकच टिक राहते. व्हॉट्सॲप हे मुद्दाम संदिग्ध ठेवतं, म्हणजे ब्लॉक करणाऱ्याची गोष्ट उघड होत नाही. त्यामुळे एका टिकवरून ब्लॉकचा निष्कर्ष काढणं शक्यच नाही. न पोचलेला मेसेज सर्व्हरवर 30 दिवसांपर्यंत थांबून राहतो आणि फोन जोडला गेला की उतरतो.

दोन करड्या टिक्स असताना मेसेज वाचला नाही असंही म्हणता येत नाही. स्क्रीनवर वरून सरकवलेल्या नोटिफिकेशनमध्ये अख्खा मेसेज वाचता येतो आणि टिक करडीच राहते. उलट, निळी टिक आली म्हणजे माणसाने शांतपणे वाचला असंही नाही. चॅट चुकून उघडलं गेलं असेल, कॉम्प्युटरवर ते चॅट आधीच उघडं असेल, फोन मुलाच्या हातात असेल. टिक निळी व्हायला चॅट उघडणं पुरतं.

online चा अर्थ सगळ्यात जास्त चुकतो. त्याचा अर्थ इतकाच की त्या क्षणी त्या फोनवर व्हॉट्सॲप समोर उघडं आहे आणि नेट चालू आहे. तुमचं चॅट उघडं आहे असं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा निरोप वाचणारा माणूसही तुम्हाला online दिसतो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढच्या तपासण्याही त्याच्यावर लावून बघता येतील. आई सांगलीत, मुलगा म्युनिकला. मुलाला दोन दिवस ताप आहे. आई रात्री 9:40 ला लिहिते, 'जेवलास का? ताप कसा आहे?' लगेच दोन करड्या टिक्स येतात. 10:15 ला मुलगा online दिसतो, मिनिटभरात जातो. टिक करडीच. 10:50 ला टिक निळी होते. 11:40 झाले तरी उत्तर नाही. आईला दिसतं ते असं: बघितलं, टाळलं, मग वाचलं, तरी काही कळवलं नाही, म्हणजे ताप वाढलाय आणि लपवतोय.

आता घड्याळ लावून पाहू. उन्हाळ्यात म्युनिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. उन्हाळा धरला तर तिथे मेसेज पोचला संध्याकाळी 6:10 ला, म्हणजे ऑफिस सुटण्याच्या गडबडीत. 6:45 ला त्याने दुसराच कुणाचा तरी मेसेज बघितला असेल. 7:20 ला आईचा वाचला, तेव्हा कदाचित गॅसवर भात होता. आईकडे 11:40 वाजले तेव्हा त्याच्याकडे 8:10 झालेत आणि 'जेवून निवांत फोन करू' असं त्याच्या मनात असू शकतं. किंवा नसूही शकतं. मुद्दा हा की टिकवरून दोन्ही सारखंच दिसतं. टिकवरून आईला पक्कं कळलं ते एवढंच: फोन चालू आहे, नेट आहे आणि 10:50 ला कुणीतरी ते चॅट उघडलं. तापाबद्दल त्यात काहीही नाही.

परदेशी असलेल्यांबाबत आणखी एक घोळ होतो. लास्ट सीनची वेळ तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दाखवली जाते, त्यांच्या नाही. रात्री 1:30 चा लास्ट सीन बघून 'अजून झोपला नाही' असं वाटतं, तेव्हा उन्हाळ्यात म्युनिकला रात्रीचे दहाच वाजलेले असतात.

## तपासणी 2: तुमच्या फोनची घंटी भरवशाची आहे का?

ही तपासणी जवळजवळ सगळेच वगळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. उत्तर आलं की फोन वाजेलच, याची खात्री असलेला माणूस फोन बाजूला ठेवू शकतो. एकदा जरी 'अरे, मेसेज तासाभरापूर्वी आला होता, वाजलाच नाही' असं झालं असेल, तर हात दर थोड्या वेळाने फोनकडे जाणारच. ती सवय मनाची कमी आणि फोनच्या बिघाडाची जास्त असते.

चाचणी अशी करा. मोबाईल डेटा चालू ठेवा, वाय-फाय बंद करा, स्क्रीन बंद करून फोन चार्जिंगला न लावता टेबलावर पालथा ठेवा. तासभर हात लावू नका. मग घरातल्या कुणालातरी मेसेज पाठवायला सांगा. काही सेकंदांत वाजला तर ही तपासणी संपली. नाही वाजला आणि फोन उचलून उघडल्याबरोबर मेसेज धाडकन आला, तर अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी यंत्रणा व्हॉट्सॲपला झोपवते आहे. फोन हलवला नाही आणि चार्जिंगला नसला की अँड्रॉइड ॲप्सचं मागचं काम आवरतं घेतं, म्हणून तासभर थांबणं महत्त्वाचं आहे. पाच मिनिटांनी केलेली चाचणी हमखास पास होते आणि फसवते.

दुरुस्ती: फोनच्या Settings मध्ये Apps, त्यात WhatsApp, त्यात Battery उघडून Unrestricted निवडा. त्याच पानावर मोबाईल डेटाच्या भागात Background data चालू आहे ना ते बघा. शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये Autostart नावाची वेगळी परवानगी असते. ती बंद असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही. कंपनी आणि आवृत्तीनुसार ही नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर फोनच्या सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत battery किंवा autostart लिहून शोधा. आयफोनवर हा त्रास क्वचित होतो. तिथे Settings मध्ये Notifications, त्यात WhatsApp, तिथे Allow Notifications आणि Sounds चालू हवेत, आणि एखादा Focus लागून राहिलेला नाही ना, ते बघा.

सगळं ठीक असून फक्त एकाच माणसाचा मेसेज वाजत नसेल, तर ते चॅट म्यूट किंवा अर्काइव्ह झालेलं असतं. सारखं बघणं टळावं म्हणून लोक ते चॅट अर्काइव्हमध्ये टाकतात. चॅट नजरेआड होतं हे बरोबर, पण अर्काइव्ह केलेल्या चॅटची घंटी साधारणपणे वाजत नाही. म्हणजे ज्या एका घंटीची वाट आहे तीच आपण काढून टाकलेली असते, आणि बघणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. ते चॅट अर्काइव्हमधून बाहेर काढा. डोळ्यासमोर नको असेल तर फक्त पिन काढा, ते आपोआप खाली जाईल.

दुरुस्तीनंतर चाचणी पुन्हा करा, आणि एकदा रात्रीच्या वेळीही करा. घंटी वाजते हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मन ते मानत नाही.

## तपासणी 3: एक घंटी वेगळी, बाकीच्या गप्प

घंटी वाजते, पण प्रत्येक वेळी वाजते, ही पुढची अडचण. शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, 'शुभ सकाळ', बँकेचे निरोप. वाट पाहणाऱ्याला दिवसभरात वीस वेळा 'आलं वाटतं!' असं होतं आणि वीस वेळा नाही. प्रत्येक वेळी फोन उचललेलाच असतो, मग 'आलाच आहे हातात तर' म्हणून लास्ट सीनही बघून होतो.

उपाय दोन भागांचा आहे. ज्याची वाट आहे त्याचं चॅट उघडा, वर नावावर टॅप करा, Notifications मध्ये जा आणि तिथे त्याच्यापुरता वेगळा टोन निवडा. मग व्हॉट्सॲपच्या Settings मधल्या Notifications मध्ये जाऊन ग्रुप्सचा टोन None करा. बोलके ग्रुप त्याखेरीज Always म्यूट करून टाका. ग्रुपमधले मेसेज कुठे जात नाहीत, वाजत नाहीत इतकंच.

टोन निवडताना थोडा विचार करा. अलार्मसारखा, कर्कश किंवा जुन्या आठवणीतला टोन नको. छोटा, मऊ, दुसऱ्या खोलीतून ऐकू येईल असा असावा. व्हायब्रेशन बंद ठेवलेलं बरं, कारण सारखी वाट पाहणाऱ्याला खिशातला फोन थरथरल्याचे भास होतात. आणि आठवडाभरात त्या टोननेच छातीत धडधडायला लागलं, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तो काढून साधा टोन ठेवा. हे काही जणांना होतं, विशेषतः ज्या माणसाकडून भांडणाचेही मेसेज येतात त्याच्या बाबतीत.

रात्रीसाठी वेगळी सोय लागते. Do Not Disturb लावायला लोक घाबरतात ते एका कारणाने: खरंच काही झालं तर? त्यासाठी त्यातच वाट ठेवलेली आहे. ठरावीक माणसांचे फोन येऊ द्यायचे, आणि एकाच माणसाने लगोलग दुसऱ्यांदा फोन केला तर तोही येऊ द्यायचा, असे दोन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात अँड्रॉइडवर 15 मिनिटांच्या आत, आयफोनवर 3 मिनिटांच्या आत आलेला दुसरा फोन वाजतो. मग घरात सांगून ठेवायचं: तातडीचं असेल तर मेसेज नाही, साधा फोन, आणि उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा. असं ठरलं की रात्रीची शांतता ही चांगली बातमी होते. फोन वाजला नाही म्हणजे तातडीचं काही नाही.

सांगलीच्या आईच्या बाबतीत इथवरच निम्मं काम होतं. मुलाचा टोन वेगळा, बाकी ग्रुप गप्प, मुलाचे दोन्ही नंबर रात्री वाजू शकणाऱ्या यादीत. आता 11:40 ला फोन हातात घेऊन बसायचं कारण उरत नाही. उत्तर आलं तर तो टोन ऐकू येईल.

## तपासणी 4: लास्ट सीन आणि online झाकणं, तेही एकाच माणसापुरतं

लास्ट सीन आणि online बाबत व्हॉट्सॲपचा नियम सरळ आहे: तुम्ही जे दाखवत नाही, ते तुम्हालाही दिसत नाही. या नियमाचा आपल्याला फायदा करून घेता येतो. समोरच्यापासून लपायचं नाहीये, स्वतःच्या डोळ्यांपुढचं दृश्य काढायचं आहे.

Settings, मग Privacy, मग Last seen and online. वरच्या भागात My contacts except निवडा आणि यादीत त्या एकाच माणसाच्या नावावर खूण करा. खालच्या भागात Same as last seen निवडा. हा खालचा भाग विसरला जातो, आणि मग लास्ट सीन जातो पण online दिसतच राहतं. online झाकण्याची सोय 2022 मध्ये आली, त्यामुळे जुने सल्ले वाचून सेटिंग करणाऱ्यांना ती माहीत नसते.

आता ते चॅट उघडून बघा. त्या माणसाच्या नावाखाली वेळ किंवा online काही दिसता कामा नये. typing मात्र दिसत राहील, ते बंद करता येत नाही. त्या माणसाला या बदलाची कुठलीही सूचना जात नाही. पण त्याला तुमचा लास्ट सीन बघायची सवय असेल तर तो दिसेनासा झालेला त्याच्या लक्षात येईल. घरच्या किंवा जवळच्या माणसाला आधीच सांगून टाका: 'मी सारखं बघत बसते म्हणून बंद केलंय, तुझ्यापासून काही लपवायचं नाही.' न सांगता केलं तर तुमची घालमेल कमी होऊन त्याची सुरू होण्याची शक्यता असते.

इथे एका जाळ्यापासून सावध राहा. स्वतःचं सगळं झाकून दुसऱ्याचं बघता यावं म्हणून जीबी व्हॉट्सॲपसारखी बदललेली ॲप्स, किंवा कुणाचा लास्ट सीन मिनिटामिनिटाला नोंदवणारे 'ट्रॅकर' टाकले जातात. बदललेल्या ॲपमुळे व्हॉट्सॲप तुमचं खातं बंद करू शकतं आणि तुमची चॅट्स अनोळखी माणसांच्या हाती जाण्याचा धोका असतो. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे ते आजार वाढवतं. जी गोष्ट दिवसातून दहादा बघितली जायची, तिचा आता अख्खा तक्ता समोर येतो आणि त्यातल्या प्रत्येक रेघेचा अर्थ लावत बसावं लागतं.

## तपासणी 5: रीड रिसीट्स बंद करणं

हे पाचव्या क्रमांकावर आहे कारण त्याची किंमत जास्त आहे. Settings, Privacy, तिथे Read receipts बंद. व्हॉट्सॲपमध्ये हे एका माणसापुरतं करता येत नाही. बंद केलं की तुम्हाला कुणाचीच निळी टिक दिसत नाही आणि तुमचीही कुणाला दिसत नाही. दोन ठिकाणी ते लागूही होत नाही: ग्रुपमध्ये, आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याच्या खुणेला. म्हणून ज्याच्या उत्तराची धास्ती आहे त्याला व्हॉइस मेसेज पाठवू नका, नाहीतर निळा माइक बघत बसाल.

बंद केल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढू शकतो, आणि तिथेच लोक सोडून देतात. तो का वाढतो ते समजून घ्या. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं ठेवलं तर कबुतर चोच मारणं लवकर सोडत नाही. दाणा पूर्णपणे बंद केला की आधी काही काळ ते जास्तच जोराने टोचतं आणि मग हळूहळू थांबतं. निळी टिक हा असाच दाणा आहे: कधी दिसते, कधी नाही. तो दाणा बंद झाल्यावर काही दिवस हात जास्त वेळा चॅटकडे जाईल. सेटिंग चुकलं असं त्यावरून समजू नका. मधेच एकदा 'जरा बघू' म्हणून चालू केलं, तर पुन्हा एक दाणा मिळाला आणि मोजणी पहिल्यापासून. एक तारीख ठरवा, किमान दोन आठवड्यांनंतरची, आणि तोवर त्या बटणाला हात लावू नका.

काही जणांनी हे करूच नये. घरगुती डब्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेणारे, शाळेच्या व्हॅनचे काका, ज्यांना 'तुम्ही बघितलं होतं' हे नंतर दाखवावं लागतं, त्यांच्यासाठी निळी टिक ही पावती आहे. गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांची सकाळची निळी टिक म्हणजे 'उठलेत' एवढं कळण्याचं साधन असेल, तर ती घालवू नका. तिथे फक्त चौथी तपासणी करून थांबा. आमच्या उदाहरणातल्या आईसाठीही माझं मत तेच आहे. मुलगा आजारी असताना निळी टिक राहू द्यावी, लास्ट सीन आणि online झाकावं.

दुसऱ्या ॲप्सबद्दल थोडक्यात. आयफोनच्या Messages मध्ये रीड रिसीट प्रत्येक माणसासाठी वेगळी ठेवता येते, पण तुम्ही बंद केली तरी समोरच्याची दिसत राहते, कारण तिथे परस्पर नियम नाही. म्हणजे तुमची घालमेल त्याने कमी होत नाही. इन्स्टाग्रामवर Show activity status बंद केलं की दुसरे ॲक्टिव्ह आहेत की नाही हे तुम्हालाही दिसत नाही. हा व्हॉट्सॲपसारखाच देवाणघेवाणीचा नियम आहे आणि उपयोगी पडतो.

## तपासणी 6: मेसेजच असा लिहा की वाट पाहण्याला शेवट असेल

सेटिंग्ज संपल्या की दोष बहुधा मेसेजमध्ये सापडतो. 'एक बोलायचं होतं' हा दोन्ही बाजूंना सगळ्यात जड मेसेज. वाचणाऱ्याला उत्तर काय द्यावं कळत नाही म्हणून तो नंतरवर टाकतो, आणि पाठवणाऱ्याला कशाची वाट बघतोय तेच माहीत नसतं. 'जेवलास का? ताप कसा आहे?' यात दोन प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. चालता चालता देता येत नाही.

तोच मेसेज असा होऊ शकतो: 'ताप 100 च्या खाली असेल तर नुसता अंगठा पाठव. जास्त असेल तर फोन कर, कितीही वाजू देत. बाकी उद्या सकाळी बोलू.' इथे उत्तर एका बोटाने देता येतं, मुदत ठरलेली आहे आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं हेही आईला ठरवून ठेवता येतं: सकाळी आठपर्यंत वाट, मग एक फोन. त्याआधी बघायचं नाही. म्युनिकला तेव्हा पहाटेचे साडेचार असतील हे लक्षात घेऊन आठऐवजी साडेअकरा ठरवलं तर आणखी बरं. वाट बघण्याची वेळ मेसेज पाठवण्याआधी ठरवावी लागते. नंतर ठरवायला गेलं तर ती दर पाच मिनिटांनी बदलते.

मग एकदा, मेसेजवर नाही तर प्रत्यक्ष किंवा फोनवर, समोरच्याशी बोला. 'तू उत्तर का देत नाहीस' असं नको. 'वाचून लगेच लिहिता येत नसेल तेव्हा काय करायचं, ते ठरवू या' असं म्हणा. पुष्कळ घरांत एक साधी खूण चालते: अंगठा म्हणजे वाचलं, नंतर बोलतो. समोरचा हे मान्य करून वारंवार पाळत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे. पण ते त्या नात्याबद्दलचं असतं आणि कुठल्याही सेटिंगमध्ये बसत नाही.

## इथे थांबा आणि मदत घ्या

सहाही तपासण्या करून दोन आठवडे झाले आणि तरीही झोप मोडते, कामात चुका होतात, उत्तर येईपर्यंत जेवण जात नाही, किंवा बघण्यासाठी दुसऱ्याचा फोन मागितला जातो, तर सेटिंगशी झटणं सोडा. खात्री करून घेण्याची ही ओढ काही वेळा चिंतेच्या किंवा ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या, आजाराचा भाग असते. ती उपचारांनी कमी होते, आणि हे काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. कुणाकडे जावं कळत नसेल तर 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फोन मोफत लागतो, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जाताना सहा तपासण्यांपैकी काय केलं आणि कशाने किती फरक पडला ते कागदावर लिहून न्या. पहिल्याच भेटीत त्याचा उपयोग होतो.

आणि बिघाड उलट्या बाजूचा असेल तर वेगळा फोन करावा लागतो. online दिसूनही उत्तर का दिलं नाही म्हणून कुणी शिवीगाळ करत असेल, लास्ट सीन चालूच ठेव म्हणून दम देत असेल, फोनचा पासवर्ड किंवा चोवीस तास लाइव्ह लोकेशन मागत असेल, तर तुमची सेटिंग्ज बरोबरच आहेत. ती बदलल्याने घरातला संताप वाढण्याची भीती असेल तर आधी काही बदलू नका. सुरक्षित ठिकाणाहून, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून, महिलांसाठीच्या 181 या हेल्पलाइनवर बोला. लगेच धोका असेल तर 112.